‘मी’च्या पोटातला ‘ने’

*ताई, मी मूळची सांगलीची. बँकेत नोकरी करते आणि चार महिन्यांपूर्वी बदली होऊन भोपाळला आले. शाळेत हिंदी होती, समजतंही सगळं, पण बोलताना ‘ने’ कुठे घालायचा तेच कळत नाही. आधी ‘मैं चाय पी’ म्हणायचे. कुणीतरी ‘मैंने’ म्हण म्हणून सांगितलं, तर आता ‘मैंने बैंक गई’ असंही तोंडातून जातं. परवा साहेबांना हा मेसेज पाठवला: ‘सर, कल मैंने फ़ाइल लाई थी। मैं सब काग़ज़ देखी। ग्राहक कहे कि मैंने लिखा हुआ पत्र उनको नहीं मिला। मैं उनको समझाई। उन्होंने शुक्रवार तक आना चाहिए था। अब मैं मैनेजर साहब को चिट्ठी दी हूँ।’ शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, अर्थ कळला, पण ‘ने’ जिथे हवा तिथे नाही आणि नको तिथे आहे. नेमकं कुठे चुकतं?*

*– एक वाचक, भोपाळ*

तुमच्या मेसेजातली जवळजवळ प्रत्येक चूक मराठीतून आलेली आहे. मराठी मुलांना हिंदी शिकवताना याच चुका मी वर्षानुवर्षं तपासल्या. त्यामुळे दुरुस्तीही मराठीतूनच करू. हिंदी व्याकरणाचे तक्ते बाजूला ठेवा आणि आधी आपलीच दोन वाक्यं मोठ्याने म्हणा: ‘त्याने चहा केला.’ ‘मी चहा केला.’

तुम्ही स्त्री आहात, तरी ‘मी चहा केले’ म्हणत नाही. ‘केला’ म्हणता, कारण क्रियापद चहाच्या मागे जातं. शाळेत याला कर्मणि प्रयोग म्हणायचे. म्हणजे दुसऱ्या वाक्यातला ‘मी’ हा खरा ‘मीने’ आहे, फक्त ‘ने’ दिसत नाही. जुन्या मराठीत तो वेगळा दिसायचा, ‘म्यां केले’, ‘त्वां केले’ असं लिहीत. पुढे म्यां आणि त्वां मागे पडले, ‘मी’ आणि ‘तू’ दोन्ही कामं करू लागले. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’चंही तसंच. त्यामुळे मराठीत ‘ने’ आणि ‘नी’ उरले ते त्याने, तिने, त्यांनी, आईने, मुलांनी अशा ठिकाणी. हिंदीत मात्र तो सगळ्यांना लागतो: मैंने, तूने, हमने, तुमने, आपने, उसने, उन्होंने, माँ ने, बच्चों ने. अनेकवचनातही ‘ने’च राहतो, ‘नी’ होत नाही. सर्वनामाला तो जोडून लिहायचा आणि नामापासून सुटा.

तुमची अडचण बहुतेक वेळा ‘मैं’पाशीच येते आणि मराठीत ‘मी’ काहीच सांगत नाही. म्हणून एक सवय लावून घ्या. हिंदीत बोलायचं वाक्य मनात मराठीत आलं की ‘मी’च्या जागी ‘तो’ घालून बघा. तिथे ‘त्याने’ म्हणावं लागलं तर हिंदीत ‘मैंने’. ‘तो’वर भागलं तर ‘मैं’. ‘मी बँकेत गेले’ याचं ‘तो बँकेत गेला’ होतं, ‘त्याने गेला’ होत नाही, म्हणून ‘मैं बैंक गई’. ‘मी कागद पाहिले’ याचं ‘त्याने कागद पाहिले’, म्हणून ‘मैंने काग़ज़ देखे’. ‘मी कागद पाहत होते’ याचं ‘तो पाहत होता’, म्हणून ‘मैं काग़ज़ देख रही थी’. ‘मी पाहू शकले’ याचं ‘तो पाहू शकला’, म्हणून ‘मैं देख सकी’. काळाचे नियम वेगळे पाठ करायची गरज नाही. काम झालं, झालं आहे, झालं होतं, झालं असेल असं म्हणताना आणि क्रियापद सकर्मक असताना ‘ने’ येतो, हे तुमच्या मराठी कानाला आधीच माहीत आहे.

आता ‘ने’ आला की क्रियापद कुणाच्या मागे जातं, ते बघू. मराठीसारखंच कर्माच्या मागे. बोलणारी स्त्री की पुरुष, एक की अनेक, याच्याशी त्याचा संबंध तुटतो. ‘मैंने काग़ज़ देखे’ हे तुमच्या साहेबांनी म्हटलं तरी तेच राहील. मग तुमच्या हातून ‘देखी’ का झालं? एक कारण तुम्ही स्वतः स्त्री आहात हे आहे, पण मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं. बँकेत आपण ‘कागद’ म्हणत नाही, ‘कागदपत्रं’ म्हणतो, आणि ‘मी सगळी कागदपत्रं पाहिली’ असं वाक्य मनात तयार असतं. ही ‘पाहिली’ नपुंसकलिंगी अनेकवचनाची आहे. हिंदीत नपुंसकलिंग नाही, आणि तिथे शेवटची ‘ई’ ऐकली की स्त्रीलिंगच समजतात. ‘मी चार केळी खाल्ली’ म्हणणारा मराठी माणूस हिंदीत हमखास ‘चार केले खाई’ म्हणतो. हवं आहे ‘मैंने चार केले खाए’. मराठीतले बहुतेक नपुंसकलिंगी शब्द हिंदीत पुल्लिंगी होतात: पानी पिया, घर देखा, काम किया, पत्र लिखा, गाना गाया. ‘पुस्तक’ मात्र तिथे स्त्रीलिंगी आहे, ‘मैंने पुस्तक पढ़ी’. पुल्लिंगी शब्दांतही काही फसवे आहेत. आपला ‘तो चहा’ तिकडे ‘चाय पी’ होतो आणि आपण ‘आवाज ऐकला’ तर त्यांनी ‘आवाज़ सुनी’. असे शब्द क्रियापदासकट तोंडात बसवायचे. ‘चाय’ स्त्रीलिंगी आहे असं नुसतं वहीत लिहून ठेवलं तर बोलताना ते आठवत नाही.

तुमच्या शेवटच्या वाक्यात ‘दी’ बरोबर आलं, पण त्याच्यापुढचं ‘हूँ’ मराठीच्या ‘आहे’तून आलं. ‘मी आहे’ आणि ‘चिठ्ठी आहे’, दोन्हीकडे आपलं ‘आहे’ सारखंच, त्यामुळे ‘मी चिठ्ठी दिली आहे’ यातलं ‘आहे’ माझं की चिठ्ठीचं, हा प्रश्न आपल्याला कधी पडतच नाही. ते चिठ्ठीचं आहे. हिंदीत ‘हूँ’ आणि ‘है’ वेगळे असल्यामुळे तिथे ठरवावं लागतं: ‘मैंने चिट्ठी दी है’. चिठ्ठ्या दोन असतील तर ‘मैंने दो चिट्ठियाँ दी हैं’. भूतकाळात ‘दी थीं’, आणि अनुस्वार फक्त शेवटच्या शब्दावर येतो. आपण ‘दिल्या होत्या’ असं दोन्ही शब्दांचं अनेकवचन करतो, हिंदीत स्त्रीलिंगात ते एकाच शब्दावर भागतं. सहायक क्रियापद नसेल तेव्हा मुख्य शब्दावरच: ‘दो चिट्ठियाँ दीं’.

त्याच वाक्यात ‘मैनेजर साहब को’ आहे. त्या ‘को’मुळे गोंधळू नका. तो ज्याला दिली त्याचा आहे. जी वस्तू दिली तिला ‘को’ नाही, म्हणून क्रियापद तिच्या मागे जातं. पण ‘मैं उनको समझाई’ या वाक्यात ज्याला समजावलं त्यालाच ‘को’ लागला आहे आणि दुसरं कर्म नाही. अशा वेळी क्रियापद कुणाच्याच मागे जात नाही, पुल्लिंगी एकवचनात थांबतं: ‘मैंने उनको समझाया’. समोर एक ग्राहक असो, दहा बायका असोत, ‘समझाया’च. मराठीत हाच भावे प्रयोग, ‘मी त्यांना समजावलं’. आपण अशा जागी नपुंसकलिंगी ‘लं’ लावतो, हिंदीवाले ‘आ’ लावतात, एवढाच फरक. इथे एक खड्डा आहे. मराठीत ‘मी मुलीला शाळेत सोडली’ असंही सर्रास म्हटलं जातं, कर्माला ‘ला’ असूनही क्रियापद तिच्या मागे जातं, आणि त्याला कर्म-भाव संकर असं नावही आहे. हिंदीत ही सवलत नाही. ‘मैंने लड़की को स्कूल छोड़ा’ असंच म्हणावं लागतं, ‘छोड़ी’ म्हटलं की ऐकणारा दचकतो.

आता ‘तो’ घालून बघायची ही युक्ती कुठे दगा देते ते सांगायला हवं, कारण तुमची पहिलीच चूक तिथली आहे. ‘मी चहा प्यायले’ याला युक्ती लावा. ‘तो चहा प्यायला.’ ‘ने’ आलाच नाही! म्हणून तुम्ही ‘मैं चाय पी’ म्हणत होतात, आणि चाय स्त्रीलिंगी, तुम्हीही स्त्री, त्यामुळे ‘पी’ कुणाचं हे कळायला मार्ग नव्हता. हिंदीत पिणं पूर्ण सकर्मक आहे: ‘मैंने चाय पी’, ‘मैंने पानी पिया’.

मराठीत अशी काही क्रियापदं आहेत की ज्यांना कर्म असतं, तरी ती कर्त्यालाच धरून राहतात. एकदा सातवीच्या वर्गात मी सुट्टीतला एक प्रसंग लिहायला दिला होता. एका मुलाने पहिलंच वाक्य लिहिलं, ‘मुझे कुत्ता काटा’. त्याला विचारलं, हे कुठून आलं? तो म्हणाला, ‘बाई, मला कुत्रा चावलाच होता.’ आणि पोटरीवरचा व्रण दाखवायला लागला. मराठीत कुत्रा चावला, कुत्र्याने चावला नाही. त्याने मराठी वाक्य जसंच्या तसं उचलून हिंदीत ठेवलं होतं. हिंदीत ‘मुझे कुत्ते ने काटा’. त्या दिवशी फळ्यावर मी मुलांकडूनच अशा क्रियापदांची रांग करून घेतली. तो पाणी प्यायला, उसने पानी पिया. तो पोहायला शिकला, उसने तैरना सीखा. ती साडी नेसली, उसने साड़ी पहनी. ती जेवली, उसने खाना खाया. पिणे, शिकणे, नेसणे, जेवणे, चावणे. ही पाच आणि सहावं, ज्यात तुम्ही अडकलात ते, म्हणणे.

‘ग्राहक म्हणाले’ यावरून ‘ग्राहक कहे’ झालं. हिंदीत ‘कहना’ला ‘ने’ लागतो: ‘ग्राहक ने कहा’. आणि ‘कहा’ बदलत नाही, कारण जे सांगितलं ते एक आख्खं वाक्य आहे, त्याला लिंग नाही, वचन नाही. ‘माँ ने कहा’, ‘लड़कियों ने कहा’, ‘साहब ने कहा’. मराठीतल्या ‘आई म्हणाली’मुळे ‘माँ ने कही’ असं निसटतं, ते टाळा. फक्त ‘बात’सारखा शब्द आला की क्रियापद त्याला धरतं, ‘माँ ने एक बात कही’. आदरार्थी अनेकवचनाचंही इथेच कळतं. ‘साहब आए’ बरोबर, कारण तिथे ‘ने’ नाही आणि क्रियापद साहेबांना धरून आहे. पण ‘साहब ने एक आम खाया’. आदर कितीही असला तरी आंबा एकच आहे.

‘बोलना’ मात्र आपल्या ‘बोलणे’सारखं चालतं: ‘वह बोला’, ‘मैं बोली’. ‘उसने झूठ बोला’ अशा ठरलेल्या जोड्यांमध्ये ‘ने’ ऐकू येतो आणि तो चालतो. नुसतं ‘मैंने बोला’ही तुम्हाला रोज ऐकू येईल, बोलण्यात ते खपतं, पण कार्यालयात लिहिताना ‘मैंने कहा’ लिहा. तुमच्या कानावर मुंबईची हिंदी असेल तर तिथलं ‘मैं उसको बोला’ आठवेल. त्यात ‘बोला’ला ‘ने’ नाही हे ठीकच आहे. पण त्याच ओघात ‘हम काम किया’ येतं, ते भोपाळला नेऊ नका.

उलट बाजूने दगा देणारी क्रियापदं मुख्यतः दोनच आहेत, पण रोजची आहेत. ‘त्याने फाईल आणली’, ‘त्याने फाईल नेली’. मराठीत ‘ने’ आहे, हिंदीत नाही: ‘वह फ़ाइल लाया’, ‘वह फ़ाइल ले गया’. याचं कारण क्रियापदाच्या घडणीत आहे. ‘लाना’ म्हणजे मुळात ‘ले आना’, घेऊन येणं. शेवटी ‘आना’ आहे आणि येण्याला ‘ने’ लागत नाही. ‘ले जाना’तही शेवटी ‘जाना’ आहे. दोन क्रियापदं एकत्र येतात आणि पहिलं सकर्मक असतं, तेव्हा हिंदी शेवटच्याकडे बघते: ‘मैंने खाना खा लिया’, पण ‘मैं खाना खा चुकी’. पहिल्यात शेवटी ‘लेना’, दुसऱ्यात ‘चुकना’, आणि ‘चुकना’ला ‘ने’ लागत नाही. ‘खाना’ दोन्हीकडे सकर्मकच आहे, पण ठरवणारं ते नाही.

राहिली दोन वाक्यं, ज्यांत मराठी ‘ने’ दिसतो, पण तो या कामाचाच नाही. ‘त्यांनी शुक्रवारपर्यंत यायला हवं होतं.’ कर्तव्य किंवा अपेक्षा सांगताना मराठी कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ देते, अगदी ‘येणे’सारख्या अकर्मक क्रियापदालाही: तिने यावं, त्यांनी थांबायला पाहिजे. हिंदी तिथे ‘को’ वापरते: ‘उन्हें आना चाहिए था’, ‘मुझे रुकना चाहिए’. कधीतरी दिल्ली-पंजाबकडचा सहकारी ‘मैंने जाना है’ म्हणेल. ती त्या बाजूच्या बोलण्याची लकब आहे, लिहिताना ‘मुझे जाना है’. जुनी ओळखीची खूण म्हणजे ‘पेनाने लिहिलं’, ‘बसने गेले’. हा साधनाचा ‘ने’, त्याला हिंदीत ‘से’: पेन से, बस से. इथे चुकणारी मराठी माणसं मी फार पाहिली नाहीत, म्हणून पुढे जाते.

दुसरं वाक्य फार मराठी आहे, आणि वर्षानुवर्षं हिंदी बोलणाऱ्या मराठी माणसांच्याही लिहिण्यात ते सापडतं: ‘मी लिहिलेलं पत्र’. ‘लेलं’ लावून आपण कर्ता जसाच्या तसा आत ठेवतो, ‘त्याने केलेलं काम’, ‘आईने दिलेला डबा’. हिंदीत अशा ठिकाणी कर्त्याला ‘का, की, के’ लागतो: ‘मेरा लिखा हुआ पत्र’, ‘उसका किया हुआ काम’, ‘माँ का दिया हुआ डिब्बा’. नाहीतर वाक्य फोडायचं, ‘जो पत्र मैंने लिखा था, वह उन्हें नहीं मिला’. फोडलं की ‘ने’ परत येतो. तुमच्यासारख्या पत्रव्यवहार करणाऱ्यांना मी फोडलेलं वाक्य सुचवीन. कारण ‘मेरा पत्र’ म्हटलं की माझ्याकडे आलेलं की मी लिहिलेलं, असा घोळ होऊ शकतो, आणि ‘जो पत्र मैंने लिखा था’ यात तो होत नाही.

आता तुमचा मेसेज मी असा पाठवीन:

‘सर, कल मैं फ़ाइल लाई थी। मैंने सब काग़ज़ देखे। ग्राहक ने कहा कि जो पत्र मैंने लिखा था, वह उन्हें नहीं मिला। मैंने उन्हें समझाया। उन्हें शुक्रवार तक आना चाहिए था। अब मैंने मैनेजर साहब को चिट्ठी दे दी है।’

हाच मजकूर उद्या तुमच्या एखाद्या पुरुष सहकाऱ्याला स्वतःच्या नावाने पाठवायचा असेल, तर त्याने काय काय बदलायचं, ते एकदा शोधून बघा. ‘देखे’ कागदांचं आहे, ‘लिखा था’ पत्राचं, ‘दे दी है’ चिठ्ठीचं. ‘कहा’ आणि ‘समझाया’ कुणाचेच नाहीत. तो फक्त पहिल्या वाक्यातलं ‘लाई थी’ खोडून ‘लाया था’ करेल.